वेलनेस रूमची किल्ली

(एका वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलीभाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे.)

नमस्कार मंडळी. माइक येतोय ना मागपर्यंत? बरं. माझी ओळख करून देताना काकांनी सांगितलं की मी "सोशल मीडियात" होते. आईपण शेजारी असंच काहीतरी सांगायची, "कॉम्प्युटरमधले फोटो तपासते", त्यामुळे आमच्या बिल्डिंगमधल्या दोघांना वाटायचं मी पासपोर्ट ऑफिसात आहे. खरं काम असं की तुम्ही फोनवर एखादा व्हिडिओ "रिपोर्ट" करता ना, तो कुठेतरी एका रांगेत जाऊन पडतो, तिला क्यू म्हणायचं, आणि त्या क्यूच्या पलीकडच्या टोकाला एक माणूस बसलेला असतो. तिथे मी बसायचे. चार वर्षं रिव्ह्यूअर, मग तीन वर्षं टीम लीड. कंपनीचं नाव विचारू नका, सही केलीय कागदावर.

क्यूमध्ये काय येतं याचं वर्णन मी करणार नाही. मारहाण, अपघात, लहान मुलांवरचे अत्याचार, आत्महत्या, एवढं पुरे. वर्णन ऐकायला आला असाल तर चहा बाहेर आहे.

मला बोलायचंय ब्रेकबद्दल. म्हणजे असं काम करणाऱ्या माणसाला जपायचं तर रोटेशन, ब्रेक आणि मर्यादा या तीन गोष्टी प्रत्येक कंपनीच्या पॉलिसीत लिहिलेल्या असतात, आणि तरी माणसं मोडतात. का मोडतात, तर माझं ठाम मत आहे की ब्रेक घ्यायचा निर्णय माणसावर सोडलेला असतो. तो क्यूच्या सॉफ्टवेअरनेच घ्यायला हवा. हे पटवून द्यायला मला एक गोष्ट सांगावी लागेल, थोडी लांब आहे.

आमच्या फ्लोअरवर एक वेलनेस रूम होती. बीन बॅग, भिंतीवर धबधब्याचं पोस्टर, कॅरम, लॅव्हेंडरचा वास मारणारं ते यंत्र. क्लायंट परदेशातून व्हिजिटला आला की आधी तिथेच नेऊन फोटो. तर त्या खोलीला कुलूप. का, तर कॅरमच्या सोंगट्या चोरीला जातात. (जात होत्या, खोटं नाही सांगत, राणी दोनदा गेली.) किल्ली अ‍ॅडमिनकडे, अ‍ॅडमिन दुसऱ्या मजल्यावर, आम्ही सहाव्या. किल्लीसाठी रजिस्टरात सही, आणि रजिस्टरात एक कॉलम होता, "कारण". आता तुम्हीच सांगा, नुकताच जो व्हिडिओ बघितला त्याचं कारण तिथे काय लिहायचं? आमच्यातला एकजण नेहमी लिहायचा "डोळ्यात कचरा". वर्षभर त्याच्या डोळ्यात कचराच जात होता.

पण कुलूप ही गंमत झाली, खरी अडचण होती ऑक्स कोडची. बीपीओत काम केलेले हात वर करा... आहेत की बरेच. मग तुम्हाला माहितीये, जागेवरून उठायचं तर स्क्रीनवर कोड टाकायचा, जेवण, टॉयलेट, मीटिंग, आणि आमच्याकडे एक जादा, "वेलनेस". दिवसाला ४५ मिनिटं वेलनेस मिळणार असं ऑफर लेटरमध्येच होतं. पण टार्गेट पूर्ण आठ तासांवर काढलेलं! म्हणजे वेलनेसमध्ये गेलात की तुमचा आकडा पडणार, संध्याकाळी टीएलच्या, म्हणजे टीम लीडच्या, शीटमध्ये तुम्ही लाल. कुणी नाही म्हणत नव्हतं बरं का, "घ्या ना ब्रेक, हक्क आहे तुमचा". मी स्वतः टीएल झाल्यावर हेच वाक्य बोललेय, लाज वाटते. आणि ज्याला ब्रेकची सगळ्यात जास्त गरज तोच सगळ्यात कमी घ्यायचा, कारण तेव्हा तो बधिर झालेला असतो, त्याला वाटतं मला काही होत नाही.

माझंच सांगते. मावसबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ आला, मी तो सवयीने म्यूट करून डबल स्पीडने बघितला, मावशीने विचारलं कसा झालाय, आणि माझ्या तोंडून निघालं, "काही व्हायोलेशन नाहीये". सगळे हसले. मीही हसले. हळदीच्या सीनला कोपऱ्यात काही चाललंय का हे मी तपासत होते हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

हे आजारपण कागदावर मान्य आहे. मानसिक आजारांच्या निदानाचं जे अमेरिकन पुस्तक आहे, डीएसएम, त्याच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत पीटीएसडीबद्दल, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनाला जडणाऱ्या आजाराबद्दल, म्हटलंय की पडद्यावर काही भयंकर बघितलं तर ते धरायचं नाही, पण ते बघणं तुमच्या कामाचा भाग असेल तर धरायचं. तो अपवाद आम्हालाही लागू. आणि २०२० साली फेसबुकने अमेरिकेतल्या मॉडरेटरांच्या, म्हणजे माझ्यासारखंच काम करणाऱ्यांच्या, दाव्यात ५.२ कोटी डॉलरची तडजोड केली, त्यात भरपाईबरोबर टूलमधले बदलही होते, व्हिडिओचा आवाज आधीपासून बंद, चित्र कृष्णधवल करायची सोय. सांगायचं हे की बदल टूलमध्ये करायचा हे कोर्टाच्या कागदात आलंय, माझ्या डोक्यातलं खूळ नाही नुसतं.

आवाजाचं मात्र खरं आहे हं. लोकांना वाटतं चित्र छळतं. आमच्यातल्या अर्ध्याअधिकांना आवाज छळायचा. बहुतेक निर्णय आवाज न ऐकता होतात, लागलाच तर शेवटी दहा सेकंद ऐकायचा, आणि तोही हेडफोनऐवजी बारीक स्पीकरवर.

आता ब्रेकमध्ये करायचं काय. ऑक्सफर्डला एमिली होम्स नावाच्या बाई आणि त्यांच्या टीमने एक प्रयोग केला, २००९ साली छापून आला. लोकांना अपघात वगैरेंची त्रासदायक फिल्म दाखवली, अर्ध्या तासाने निम्म्यांना दहा मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं, ते विटा पडतात ते, आणि आठवडाभर डायरी लिहायला लावली की फिल्ममधली दृश्यं आपोआप किती वेळा डोळ्यासमोर येतात. टेट्रिसवाल्यांना कमी वेळा आली. पुढच्या वर्षी त्यांनीच टेट्रिसशेजारी प्रश्नमंजुषा ठेवली, आणि फिल्मनंतर अर्ध्या तासाने प्रश्नमंजुषा सोडवणाऱ्यांना दृश्यं उलट जास्त आली! त्यांचं म्हणणं असं की डोळ्यांची आठवण पक्की होत असताना डोळ्यांनाच दुसरं काम दिलं तर ती ढिली पडते, शब्दांच्या कामाने तसं होत नाही. आता हा प्रयोगशाळेतला, एका फिल्मचा निकाल, रोज दोनशे क्लिप बघणाऱ्याला तो जसाच्या तसा लागेल असं मी म्हणणार नाही. पण आमच्याकडे ब्रेकमध्ये माणसं काय करायची, तर मोबाइल काढून रील्स, म्हणजे क्यूतून उठून क्यूतच. मी टीएल असताना दोन जुने कॉम्प्युटर मागून घेतले, फक्त विटांचा खेळ, आणि मॅनेजर म्हणाले, "मॅडम, क्लायंट आला तर काय सांगायचं, आपण गेम खेळतो?" मी म्हटलं सांगा कॅरमची राणी हरवलीये.

काका घड्याळ दाखवतायत. किती? दहा मिनिटं? अरे बापरे, मुख्य हिशोब राहिलाच. पटकन करते, फळ्यावर लिहायला वेळ नाही, मनात धरा.

समजा बारा जणांची टीम. भयंकर क्यूमध्ये, आम्ही तिला रेड म्हणायचो, दिवसाला १,२०० आयटम, प्रत्येकी सरासरी ४५ सेकंद. म्हणजे १५ तासांचं रेड काम. मर्यादा ठेवली एका माणसाला दिवसाला दोन तास रेड. दोनच का, तर हा आकडा कुठल्या वेदात नाही, आमच्या चुका तिसऱ्या तासापासून वाढायच्या म्हणून दोन. आता एक आठवडा रेड, एक आठवडा रेड अजिबात नाही, असं रोटेशन लावलं तर रेडला सहाजण, सहा दुणे बारा तास. काम १५ तासांचं. तीन तास कमी पडले. इथे प्रत्येक मॅनेजर काय करतो, मर्यादा अडीच तास करतो, मग तीन, "या आठवड्यापुरतं". ते न करता आधी क्यू बघायची. त्यात तेच ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा अपलोड झालेले असतात. २००९ पासून फोटोडीएनए नावाची पद्धत आहे, फोटोचा एक ठसा काढून ठेवायचा आणि तोच फोटो किंचित बदलून परत आला तरी मशीनने ओळखायचा, व्हिडिओसाठीही अशा पद्धती आहेत. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला, मार्च २०१९, हल्लेखोराने तो फेसबुकवर लाइव्ह दाखवला, त्यानंतर पहिल्या २४ तासांत फेसबुकने तो व्हिडिओ १५ लाख वेळा काढला, त्यातले १२ लाख अपलोड होतानाच अडवले. ते १२ लाख माणसाने बघायचे होते का? तर समजा आपल्या १,२०० मधले ४०० असे जुनेच निघाले. उरले ८००, म्हणजे दहा तास. आता सहाजणांचे बारा तास पुरतात, आणि एकजण आजारी पडला तरी पाचजणांत दहा तास बसतात. दोन आजारी पडले तर दोन तासांचं काम उद्यावर, आणि हे करारात आधी लिहून घ्यायचं. क्लायंट जर आयटममागे पैसे देत असेल तर मर्यादा पाळणारी कंपनी नुकसानीत जाते, मग ती पाळत नाही, साधं आहे.

दोन तासही सलग नाहीत. २५ मिनिटं रेड, मग सॉफ्टवेअर स्वतः रेड देणं बंद करणार, दहा मिनिटं स्क्रीन रिकामी, कोड टाकायचा नाही, कारण लिहायचं नाही, आणि ती दहा मिनिटं टार्गेटमधून आधीच वजा. शिफ्टच्या शेवटच्या तासात रेड नाही, म्हणजे ते डोक्यात घेऊन बसमध्ये चढायचं नाही.

बिघडतं कुठे? एक म्हणजे हुशार माणूस. रेडमध्ये ज्याची अ‍ॅक्युरसी ९८ टक्के त्याला टीएल बाहेर काढतच नाही, "फक्त हा महिना", मीही एकीला पाच महिने काढलं नाही, ती नोकरी सोडून गेली. त्यामुळे रोटेशनही टीएलच्या हातात नको, रोस्टरमध्ये लॉक. मात्र दुसऱ्या सहाजणांना रेडची पॉलिसी शिकवावी लागते आणि सुरुवातीला त्यांच्या चुका होतात, हा खर्च धरायचाच. शिवाय रोटेशनने एकावरचा भार कमी होतो पण बघणारी माणसं वाढतात, एका खोलीतलं पाणी दोन खोल्यांत पसरतं, हेही खरं.

दुसरं, "आरामाची" क्यू. स्पॅमच्या क्यूमध्ये चुकून एखादा रेड आयटम शिरला की तो जास्त लागतो, कारण मन तयार नसतं. म्हणून प्रत्येक क्यूमध्ये पास बटण हवं, म्हणजे हा आयटम मी बघत नाही, पुढचा द्या, तेही दंडाशिवाय. बटण खूप दाबलं म्हणून जाब विचारायचा नाही, उलट क्यूचं सॉर्टिंग तपासायचं.

आणि माणूस मोडायला लागलाय हे ओळखायचं कसं? माणसाला विचारलं तर तो "ठीक" म्हणतो. आकडे बघा. आयटममागचा वेळ ४५ सेकंदांवरून अचानक २० वर आला तर मॅनेजर टाळ्या वाजवतो, पण तो माणूस बघायचं टाळतोय, थंबनेलवरून डिलीट मारतोय. रेड आठवड्याच्या सोमवारी सुट्ट्या वाढल्या की...

हो काका, झालंच. टेट्रिसचं काय झालं विचारतायत मागून. ते दोन कॉम्प्युटर वेलनेस रूममध्ये ठेवले हो, अ‍ॅडमिनने. कुलुपात.