रविवारी चेक थांबतो, हप्ता थांबत नाही

लक्ष्मी रस्ता आणि रविवार पेठेतील व्यापारी मंडळी आज येथे बहुसंख्येने आहेत, म्हणून एकाच प्रश्नाविषयी बोलतो. हप्त्याची तारीख सुट्टीच्या दिवशी आली, तर पैसे सोमवारी भरले तरी चालतात का? पूर्वी चालत असे, कारण खात्यातून हप्ता वळता करणारी ‘नाच’ ही यंत्रणा बँकेच्या कामकाजाच्या दिवशीच चाले. 1 ऑगस्ट 2021 पासून मात्र ती आठवड्याचे सातही दिवस सुरू आहे. चेकचे क्लिअरिंग आजही सुट्टीच्या दिवशी बंद असते. गफलत होते ती या दोहोंच्या मधल्या फटीत.

मे 2026 मधील उदाहरण घ्या. एका दुकानदाराचा 24,600 रुपयांचा हप्ता 10 तारखेचा आहे आणि खात्यात शिल्लक आहे 9,000 रुपये. शुक्रवारी, 8 तारखेला, गिऱ्हाईकाकडून 40,000 रुपयांचा चेक मिळाला आणि संध्याकाळी दुकान आवरताना त्यांनी तो शाखेबाहेरच्या पेटीत टाकला. शाखेची त्या दिवशीचे चेक घेण्याची वेळ तोवर उलटून गेली होती. 9 तारखेला दुसरा शनिवार, 10 तारखेला रविवार. म्हणजे चेक क्लिअरिंगला जाणार सोमवारी, आणि हप्त्याची मागणी मात्र रविवारीच खात्यावर येणार. शिल्लक अपुरी असल्याने ती परत जाते.

ऑक्टोबर 2025 पासून चेकची प्रतिमा दिवसभर सतत पुढे पाठवली जाते आणि ज्या बँकेवर चेक काढलेला आहे, तिने संध्याकाळी 7 पर्यंत काहीच कळवले नाही तर तो मंजूर झाला असे धरतात. त्यामुळे हाच चेक शुक्रवारी सकाळी काउंटरवर दिला असता, तर एरवी त्याच रात्रीपर्यंत पैसे जमा झाले असते. वेग वाढला हे खरे. पण तो कामकाजाच्या दिवसापुरताच, हे जाहिरातीत कोणी ठळकपणे सांगत नाही!

हप्ता परत गेला की आकार बहुधा दोन ठिकाणी लागतो : आपली बँक मागणी परत गेल्याबद्दल घेते आणि कर्ज देणारी संस्था तिच्या करारानुसार घेते. शिवाय रविवारच्या दिवसअखेरीच्या प्रक्रियेपर्यंत पैसे पोहोचले नाहीत, तर कर्जखाते त्याच तारखेपासून थकीत धरले जाते. सोमवारी पैसे भरले की थकबाकी मिटते. लागलेला आकार मात्र आपोआप परत मिळत नाही.

अशा वेळी शनिवारी करण्यासारखे एक काम उरते. एनईएफटी आणि यूपीआय सुट्टीच्या दिवशीही चालतात, त्यामुळे दुसऱ्या खात्यातून किंवा घरच्यांकडून कमी पडणारे 15,600 रुपये आणि खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागत असेल तर तेवढी रक्कम शनिवारी रात्रीच वळती करावी. मागणी पुष्कळदा सकाळीच येते, म्हणून रविवारी दुपारची वाट पाहू नये. कर्ज आणि खाते एकाच बँकेत असेल, तर हप्ता ‘नाच’ऐवजी बँकेच्या अंतर्गत सूचनेनुसार वळता होत असू शकतो, सुट्टीच्या दिवशी ती सूचना कशी चालते, हे शाखेत विचारून ठेवावे.