पात्याला लागत नाही

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या एका दुकानात मिक्सरच्या मांडणीशेजारी एक साधी वही ठेवलेली आहे. गिऱ्हाईक मिक्सरविषयी जे वाक्य बोलते, ते याच वहीत जसेच्या तसे उतरवले जाते, आणि त्यापुढे तो माणूस मिक्सरमध्ये कोणता जिन्नस वाटत होता, एवढेच लिहिले जाते. दुकानाच्या जाहिरातींचा मजकूर याच वहीतून तयार होतो.

ही शिस्त पाळणे वाटते तितके सोपे नाही. एक काकू म्हणाल्या, “आलं-लसूण पात्याला लागतच नाही हो, सगळं बाजूला चिकटून बसतं.” काउंटरवरच्या मुलाने सवयीने लिहिले, “ग्राइंडिंग नीट होत नाही.” मालकांनी ती ओळ खोडून काकूंचे वाक्य पुन्हा लिहायला लावले, आणि ते योग्यच झाले, कारण बिघाड नेमका कुठे आहे हे काकूंच्या शब्दांतच होते. मोठ्या भांड्यात दोन-तीन चमचेच जिन्नस घातला, की पहिल्याच फेऱ्यात तो भिंतीवर उडतो आणि पाते नुसते मोकळे फिरत राहते. मोटर सशक्त असली तरी तिथे तिचा उपयोग होत नाही. तेवढ्या वाटणाला चटणीचे छोटे भांडेच हवे.

वहीत “जार” हा शब्द क्वचितच सापडतो. लोक “भांडं” म्हणतात, “मिक्सर ग्राइंडर” न म्हणता नुसते “मिक्सर” म्हणतात, आणि वॅटचा आकडा विचारण्याआधी “शेंगदाण्याचं कूट होईल ना?” असे विचारतात.

दुकानाच्या जाहिरातीत मिक्सरच्या छायाचित्राखाली पूर्वी ओळ असे: “७५० वॅट शक्तिशाली मोटर, ३ स्टेनलेस स्टील जार.” आता त्याच छायाचित्राखाली लिहिले आहे: “थोडंसं आलं-लसूण मोठ्या भांड्यात पात्याला लागत नाही. या मिक्सरसोबत चटणीचं छोटं भांडं येतं, ते त्यासाठीच. मोटर ७५० वॅट.” आकडा गेलेला नाही, फक्त मागे सरकला आहे.

मधल्या काळात एक चूकही झाली. कूट, वाटण, पुरण, भरड असे वहीतले सारे शब्द एकाच मजकुरात कोंबले गेले आणि तो किराणा मालाच्या यादीसारखा दिसू लागला. तेव्हापासून एका मजकुरात एकच तक्रार आणि तिचे एकच उत्तर घेतले जाते.

“मध्येच बंद पडतो” ही तक्रारही वहीत वारंवार येते, पण म्हणून “कधीच बंद पडणार नाही” असे लिहिणे खोटे ठरेल, कारण भार वाढला की मोटर जळू नये म्हणून तिचे संरक्षक बटन वीज तोडते. म्हणून तिथला मजकूर असा आहे: “वाटताना मध्येच बंद पडला? भांड्यातलं थोडं काढा, मिक्सर गार होऊ द्या, मग खालचं लाल बटन दाबा.”

प्रत्येक मजकूर प्रसिद्ध करण्याआधी काउंटरवर मोठ्याने वाचला जातो. ऐकणाऱ्या गिऱ्हाइकाने “म्हणजे काय?” असे विचारले, तर तो शब्द खोडून वही पुन्हा उघडली जाते.