शिशाचं वय वेगळं, काचेचं वेगळं

मंडळी, समोरच्या टेबलावर दोन तावदानं ठेवली आहेत. दोन्ही साधारण नव्वद सेंटिमीटर उंच, तीस रुंद. दोघांतही ट्युलिपचं एक लाल फूल, हिरवा देठ आणि लांब पानं आहेत, बाकीची जागा फिकट आणि बिनरंगी काचेने भरलेली आहे. एकातलं फूल उजवीकडे झुकलंय, दुसऱ्यातलं डावीकडे. एका पाडलेल्या घराच्या दर्शनी दाराच्या दोन बाजूंना ही जोडी होती, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे आणि दोन्ही तावदानं मूळची आहेत, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं.

डावीकडच्या तावदानातलं शिसं करडं, नीटस आणि सरळ आहे. उजवीकडचं काळंकुट्ट. मघाशी आत येताना बऱ्याच जणांनी उजवीकडच्याकडे बोट दाखवून 'हे जुनं' म्हटलं, ते मी ऐकलं. पण प्रकरण उलटं आहे. डावीकडचं मूळचं आहे आणि उजवीकडचं नंतर केलेली नक्कल. हे कशावरून, ते आज पाहू.

आधी रचना समजून घेऊ. काचेचे तुकडे ज्यात बसवतात त्या शिशाच्या पट्टीचा छेद इंग्रजी एच अक्षरासारखा असतो. मधला आडवा भाग म्हणजे गाभा आणि दोन्ही तोंडांना काच धरणारे ओठ. पट्ट्या जिथे मिळतात तिथेच डाख देतात, मधे नाही. मग जवसाचं तेल आणि खडूची पूड यांचा लगदा, म्हणजे लांबी, ओठांखाली दाबून भरतात. ती वाळली की तावदान ताठ आणि जलरोधक होतं. तुम्हाला जर काचेच्या प्रत्येक कडेने डाखाची सलग फुगीर रेघ दिसली, तर ते शिशाचं काम नाहीच. ती तांब्याच्या पातळ पट्टीची पद्धत आहे. ती अमेरिकेत १८८०च्या दशकात आली आणि टिफनी या अमेरिकन काच-कलावंताच्या दिव्यांमुळे गाजली. आणि अखंड काचेवर शिशाची चिकटपट्टी लावून मधे रंगीत फिल्म डकवलेली असेल, तर नखाने पट्टीच्या कडेला चाचपलं तरी कळतं. दोन्ही बाजूंच्या काचेची पातळी आणि पोत तंतोतंत एक असतात, कारण काच एकच असते. त्यावर जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही.

आता मुद्द्याचं. शिसं मऊ असतं. ऊन-थंडीत ते प्रसरण पावतं, आकुंचन पावतं, दार आपटलं की हादरे बसतात, आणि डाखाच्या अगदी शेजारी, जिथे कडक डाख संपतो आणि मऊ शिसं सुरू होतं, तिथे केसासारख्या भेगा पडतात. साधारण शंभर वर्षांत, कधी त्याआधीही, पट्ट्या थकतात आणि तावदानाला पोट येतं. मग कारागीर सगळी काच सोडवून नव्या पट्ट्यांत पुन्हा बसवतो. म्हणजे जपलेल्या जुन्या तावदानात शिसं नवं आणि काच जुनी असणं अगदी स्वाभाविक आहे. याउलट नवं शिसं काळं करायला रसायनाची एक बाटली पुरते. त्यामुळे शिशाच्या रंगावरून वय सांगायला जाऊ नये. पट्टी खरवडून पाहण्याचाही उपयोग नाही. नवं असो की जुनं, ताजं खरवडलेलं शिसं चकाकतंच.

उजवीकडच्या तावदानातलं काळेपण मात्र भिंगातून पाहण्यासारखं आहे. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या. पट्टी आणि डाख एकाच रंगाचे काळे दिसतात, आणि काळा रंग ओठावरून घसरून काचेवरही थोडा ओघळलाय. नैसर्गिकरीत्या काळवंडताना डाख आणि शिसं सारखे दिसत नाहीत. डाखात कथील असतं, ते आपल्या गतीने निस्तेज होतं, म्हणून सांध्यांचे ठिपके पट्टीपासून वेगळे उमटतात. इथे ते उमटत नाहीत. आणि डाखाशेजारी एकही भेग नाही. शंभर वर्षं दाराशेजारी राहून एकही भेग नाही, हे मला पटत नाही.

पण यातून फार तर शिसं मुद्दाम काळं केलंय, एवढंच सिद्ध होतं. काच जुनी असू शकते. म्हणून आता काचेकडे वळू.

हॉलमधले दिवे जरा मंद करा. टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून, अगदी तिरपा धरतो. डावीकडच्या तावदानाची बाहेरची बाजू पाहा, म्हणजे जी ऊन-पावसाकडे होती ती. पट्टीच्या ओठापासून साधारण एक मिलिमीटरवर, ओठाला समांतर एक बारीक रेघ जाते. रेघेच्या आत, शिशाकडे, काच गुळगुळीत आहे. रेघेबाहेर ती किंचित मंद आहे, आणि पुसण्याचे बारीक ओरखडे त्या रेघेवर येऊन थांबतात. आधीची पट्टी आताच्यापेक्षा रुंद होती. तिच्या ओठाखाली झाकलेला भाग हवा, पाणी आणि फडक्यापासून वाचला. नवी पट्टी अरुंद बसवल्यामुळे तो उघडा पडला. या एका रेघेतून दोन गोष्टी कळतात: काच दीर्घकाळ दुसऱ्या पट्टीत होती, आणि नेमक्या याच आकारात होती. नवी पट्टी रुंद असती तर रेघ झाकली गेली असती, तेव्हा रेघ नाही म्हणून काच नवी, असा उलटा निष्कर्ष काढू नका.

एक तुकडा वेगळा पडतो. फुलाच्या डावीकडची ही लाल पाकळी. तिच्याभोवती रेघ नाही, आणि तिचा लाल रंग नारिंगीकडे झुकतो. तिच्या शेजारची पाकळी एका कोपऱ्यात टवकली आहे आणि टवक्यात आतली बिनरंगी काच दिसते. म्हणजे ती पाकळी पारदर्शक काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवलेली, पूर्वीच्या लाल काचेत नेहमी आढळणारी. नारिंगी पाकळी बदललेली आहे. शिसं बदलताना तीही घातली असेल किंवा त्याआधी, हे सांगता येत नाही.

उजवीकडच्यात अशी रेघ कुठेच नाही. पण मघाशी म्हटलं तसं, यावर थांबता येत नाही. मग आपण बिनरंगी तुकड्यांवर छोट्या तरंगलांबीचा, २५४ नॅनोमीटरचा अतिनील दिवा धरला. (हा दिवा डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतो. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका.) सगळ्याच बिनरंगी तुकड्यांवर एका बाजूने दुधट झाक उमटली. ही फ्लोट काचेची खूण आहे. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करण्याची ही पद्धत पिल्किंग्टन या इंग्लिश काच कंपनीने १९५९ साली जाहीर केली. कथिलाला टेकलेल्या पृष्ठभागात कथिलाचा अंश राहतो आणि तो या प्रकाशात चमकतो. एखादाच तुकडा चमकला असता तर मी दुरुस्ती म्हटलं असतं. सगळेच चमकतात, म्हणजे तावदान १९५९नंतरचं.

रंगीत काचेच्या पोतावर विसंबू नका, हेही सांगून ठेवतो. रुळांमधून काढलेली, एका बाजूला बारीक खळग्यांची ती काच आजही बनते आणि दोन्ही तावदानांत आहे. आणि एखादी नक्कल १९२०च्या सुमारास, त्याच प्रकारची काच वापरून केली असती, तर आजच्या कुठल्याही खुणेने ती मूळपासून वेगळी करता आली नसती. नकलेत जुनी मोडीतली काच वापरली असेल तर मात्र ती पकडता येते. मोठ्या तुकड्यातून नवा आकार कापला की जुन्या ओठाची रेघ एकाच कडेला राहते किंवा तुकड्याच्या मधूनच तिरकी जाते. नव्या आकाराच्या चारी बाजूंनी ती फिरत नाही.

आता या जोडीतली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट. डावीकडच्या तावदानात खालच्या मोठ्या पानातून एक अरुंद पट्टी तिरकी जाते. इतर पट्ट्यांपेक्षा ती जवळजवळ निम्म्या रुंदीची आहे. नक्षीत प्रत्येक रेघेला कारण असतं: रंग बदलतो, किंवा आकार इतका वाकडा असतो की काच एका तुकड्यात कापता येत नाही. या पट्टीला दोन्हींपैकी एकही कारण नाही. टॉर्च धरून पट्टीच्या दोन्ही बाजूंचे खळगे पाहा. एका बाजूची ओळ पलीकडे तशीच पुढे जाते, आणि काचेतला एक लांबट बुडबुडा पट्टीने मधोमध तोडलाय. म्हणजे इथे पान तडकलं होतं, आणि कारागिराने तड्यावर पट्टी घालून ते सांधलं. ही दुरुस्तीची पट्टी. जुन्या तावदानांत अशा पट्ट्या खूप सापडतात.

उजवीकडच्या तावदानात पाहा. पानात अगदी त्याच जागी, आरशातल्यासारखी, तीच तिरकी पट्टी आहे. मात्र तिची रुंदी इतर पट्ट्यांएवढी, आणि दोन्ही बाजूंच्या काचेचे खळगे जुळत नाहीत. एका तुकड्याचा पोत उभा जातो, दुसऱ्याचा आडवा. तिथे कधी तडाच नव्हता, दोन वेगळे तुकडे कापून बसवलेत. ज्याने नक्कल केली त्याने डावीकडच्या तावदानावर कागद ठेवून शिशाच्या रेघा घासून उतरवल्या, कागद उलटा केला आणि दुरुस्तीलाही नक्षी समजून बसला. यावरून क्रमही कळतो. डावीकडचं पान आधी तडकलं आणि दुरुस्त झालं, नक्कल त्यानंतरची.

एकाने चिठ्ठी पाठवली आहे: ती दुरुस्तीची पट्टी काढून तडा डिंकाने जोडावा का? पारदर्शक इपॉक्सीने कडा जोडता येतात आणि तडा बराच झाकला जातो, पण उन्हात इपॉक्सी पिवळं पडतं. तावदान आत, थेट ऊन न येणाऱ्या जागी लावणार असाल तर विचार करा. पुन्हा दारात लावणार असाल तर पट्टी राहू द्या. आणि जी मंडळी आता तावदानं हाताळायला पुढे येतील, त्यांनी खाण्यापिण्याआधी हात साबणाने धुवा. शिशाची पूड बोटांवर दिसत नाही, पण असते.