मेण, लव आणि सोलापूरचे ऊन

(दृश्य: गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी, कठड्यावर कुरडया, त्यांच्या शेजारी कॅनव्हासच्या बुटांची एक जोडी.)

सोलापुरात वाळवणाचा प्रश्न सहसा पडत नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा चादर तासाभरात कडक होते, आणि म्हणूनच ओले झालेले काहीही उन्हात नेऊन ठेवण्याची सवय या गावाच्या हातात मुरलेली आहे. बुटांच्या बाबतीत मात्र ही सवय घात करते. उष्णता कोणत्या वेळी द्यायची आणि कोणत्या वेळी अजिबात द्यायची नाही, हे नवी पेठेत एका बंद दुकानाच्या पायरीवर बसणाऱ्या कारागिराकडून आम्ही दोन दिवस पाहिले. गिऱ्हाइके त्यांना मामा म्हणतात. आम्हीही तेच म्हणू.

(दृश्य: पातेल्यातील गरम पाण्यात ठेवलेला डबा, आत वितळणारे मेण.)

मृग लागायला आठवडा उरला आहे. दोन भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाशीचे मेण मामा एकत्र वितळवत आहेत. डबा थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यात ठेवला आहे, कारण मेण जास्त तापले तर पेट घेऊ शकते. नुसते पॅराफिन, म्हणजे साधारणतः आपली मेणबत्ती, लावली तरी पाणी अडते; पण बूट दुमडतो तिथे ते तडकते आणि पांढरी रेघ उमटते. मधमाशीचे मेण चिवट असल्याने घडीत टिकून राहते. मिश्रण साच्यात ओतून थंड केले, की साबणाच्या वडीसारखा तुकडा हाती येतो.

(दृश्य: कॅनव्हासवर वडी घासणारा हात, अगदी जवळून.)

कॅनव्हास म्हणजे सुताचे जाड कापड. सूत भिजले की फुगते आणि वीण थोडी घट्ट होते. जुने कापडी तंबू त्याच गुणावर पाऊस थोपवत असत. बुटाचे कापड मात्र इतके घट्ट विणलेले नसते, शिवाय प्रत्येक पावलागणिक ते दुमडते, म्हणून धाग्यांमधील फटी मेणाने भराव्या लागतात. बूट आधी घासून, धुऊन पूर्ण वाळलेला असला पाहिजे, नाही तर मळ आणि ओल दोन्ही मेणाखाली कोंडली जातात. मामा प्रथम जिभेच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी एक फराटा ओढून पाहतात, कारण मेणाने रंग एक छटा गडद होतो आणि पांढरा बूट तर मळकट पिवळसरच दिसू लागतो. ज्याला पांढरेपणाच हवा आहे त्याने हा उद्योग करू नये, असे त्यांचे स्पष्ट मत आहे.

आता वडी थेट कापडावर घासली जाते. शिवणींवर ती दोनदा फिरते, कारण पाण्याची पहिली वाट सुईच्या भोकांतून असते. कापडावर पांढुरका थर चढला, की मामा केस वाळवायचा ड्रायर उचलतात.

(दृश्य: ड्रायरच्या झोतात पांढरा थर पारदर्शक होत कापडात उतरतो. या दृश्यावर पाच सेकंद निवेदन नाही.)

मेण साधारण 60 अंशांच्या आसपास वितळते. ड्रायर वीतभर अंतरावर आणि सतत हलता ठेवायचा. एका जागी थांबला तर कडेची रबरी पट्टी ज्या गोंदाने चिकटलेली असते तो सैल पडतो. थर दिसेनासा झाला म्हणजे मेण धाग्यात उतरले. तसा आणखी एक हात दिल्यावर मामा बुटावर चमचाभर पाणी टाकतात. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर काम झाले. जिथे कापड काळवंडले, तिथे मेण पोहोचलेले नाही.

याला मर्यादा आहेत. आतल्या बाजूस हवेसाठी ठेवलेली दोन कडीदार भोके बुजवता येत नाहीत, आणि साचलेल्या पाण्यात पाय घातला तर ते वरूनच आत येते. मेण सरीपुरते आहे. सोलापुरात खरा जोर सप्टेंबरमध्ये, उत्तरा-हस्ताच्या पावसात असतो. तोवर घडीवरचे मेण झिजलेले असते, म्हणून गणपतीच्या सुमारास दुसरा हात द्यावा लागतो.

(दृश्य: एक महाविद्यालयीन तरुणी पिशवीतून तपकिरी स्वेडचे बूट काढते.)

“मामा, ह्यालापण मेणच लावून टाका की.”

“नको गं बाई. लव बसून जाईल सगळी, तेलकट टक्कल दिसंल.”

स्वेड म्हणजे चामड्याची आतली, मांसाकडील बाजू घासून उठवलेली लव. तिच्यावर मेण चालत नाही. तिथे स्वेडसाठी मिळणारा पाणीरोधक फवाराच हवा. मामा आधी कोरड्या ब्रशने लव उभी करतात, मग उघड्यावर, वीतभर अंतरावरून हलका फवारा मारतात, अर्ध्या तासाने दुसरा, आणि बूट रात्रभर तसाच ठेवतात. फवारा श्वासात जाऊ देऊ नये. एका दमात भिजेपर्यंत मारला तर डाग पडतात.

(दृश्य: पाऊस. त्याच तरुणीचे बूट, निथळणारे, काळ्या मातीने माखलेले.)

या दुसऱ्या दिवशी ड्रायर पिशवीतून बाहेर येत नाही. भिजलेले चामडे तापवले तर त्याचे तंतू आक्रसून एकमेकांना चिकटतात आणि बूट पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. वरची बाजू कोरडी दिसते, आत ओल तशीच राहते. कॅनव्हासचे मेणही कडक उन्हात मऊ होऊन धूळ धरते. म्हणून सावली आणि पंखा.

प्रथम नाड्या आणि आतला तळवा काढला जातो. कॅनव्हासवरील चिखल साध्या पाण्याने लगेच धुतला. स्वेडवरची काळी माती मात्र मामा हातही लावू देत नाहीत, कारण ओली असताना चोळली की ती लवेत रुतते, आणि वाळली की ब्रशने ढलप्यांसारखी निघते. मग बूट सोलापुरी टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला. टॉवेलचे उभे फासे पाणी किती ओढतात, ते येथे दिसते आहे.

त्यानंतर वर्तमानपत्राचे बोळे, सैल, टाचेपासून टोकापर्यंत. ठासून भरले तर हवा खेळत नाही आणि आकार फुगतो. अस्तर फिके असेल तर शाई उतरू नये म्हणून साधा कागद बरा. पहिले बोळे अर्ध्या तासात लगदा होतात, ते काढायचे. पुढचे दोन-दोन तासांनी. पांढऱ्या कॅनव्हासला बाहेरूनही पांढरा पातळ कागद गुंडाळतात, कारण पाणी उडताना आतला मळ आणि साबणाचा अंश कडेला आणून सोडते. पिवळी कड पडते ती त्यामुळेच. कागद असला तर ती कड कागदावर पडते. बूट आडवे ठेवले आहेत, तळालाही वारा लागावा म्हणून.

ओलसर बूट घातले तर वास येतो, बुरशी धरते, पायाला चिखल्या होतात.

कॅनव्हासला एक दिवस लागला, स्वेडला दोन. रात्रभर आत ठेवलेला कागद सकाळी कोरडा, कुरकुरीत निघाला तेव्हाच मामांनी ब्रश हाती घेतला. डाव्या बुटावर पाण्याची एक गोल कड राहिली होती. तेवढ्याच डागावर पाणी लावले तर नवी कड उमटते. म्हणून त्यांनी तो पूर्ण भाग ओलसर फडक्याने एकसारखा दमट केला आणि पुन्हा पंख्याखाली ठेवला.

(दृश्य: संध्याकाळ. वाळलेली लव, ब्रश आधी उलटा, मग सुलटा फिरतो.)