कंटेनरची चावी कोणाकडे?

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

यादवी युद्धं इतकी लांबतात का, हा आजचा विषय. समोर देवळालीच्या तोफखान्यातून रिटायर झालेली काही मंडळी बसलीत, त्यांना 71 चं युद्ध सांगायची गरज नाही. 3 डिसेंबरला सुरू झालं, 16 डिसेंबरला ढाक्यात सह्या झाल्या, म्हणजे तेरा दिवस. पाकिस्तानचे जवळजवळ 93 हजार लोक आपल्या ताब्यात आले आणि पुढे त्यांना परत पाठवलं. आता बघा, पूर्वेकडचा भाग गेला तरी पश्चिमेला पाकिस्तान पाकिस्तानच राहिला ना, त्याचं सैन्य, त्याचं सरकार सगळं त्याच्याकडे. हरल्यावर परत जायला जागा होती. म्हणून शरणागती शक्य झाली. आणि त्याच भूमीवर मार्चपासून जी आतली लढाई चालली होती, पाकिस्तानी लष्कर आणि मुक्तिवाहिनीमधली, ती मात्र बाहेरचं सैन्य उतरेपर्यंत संपली नाही.

दोन देशांमधली सगळीच युद्धं छोटी असतात असं नाही, इराण-इराक आठ वर्षं लढले. पण ढोबळमानाने दोन देशांचं युद्ध महिन्यांत मोजलं जातं आणि यादवी युद्ध वर्षांत. कारणं विचारली की लोक म्हणतात डोंगर असतात, जंगलं असतात, बाहेरून पैसा येतो, हिरे नाहीतर अफू विकून बंदुका घेतात. हे सगळं खरंय. पण मला जे कारण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे आणि ते कळायला भाऊबंदकीचा विचार करा. शेजारच्या गावाशी भांडण असेल तर मिटवून आपापल्या गावी जाता येतं, भावांचं असेल तर मिटल्यावरही दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर मोटर चालू करायला जायचं असतं.

यादवी युद्धात तह झाला की देश एकच राहतो आणि एका देशात दोन सैन्यं राहू शकत नाहीत. म्हणजे कोणीतरी, बहुतेक वेळा बंडखोरांनी, शस्त्रं खाली ठेवायची. आणि ज्या दिवशी ती ठेवली त्या दिवसापासून सरकारने शब्द पाळला नाही तर करणार काय? सरकार आज खरोखर प्रामाणिक असेल हो, पण उद्या समोरचा निःशस्त्र झाल्यावरही तसंच राहील याची गॅरंटी कोण देणार, सरकार स्वतःही देऊ शकत नाही. म्हणून दोघंही लढून थकलेले असतात, तहात दोघांचाही फायदा असतो, तरी लढाई चालूच राहते.

अंगोलात हेच झालं. 1991 मध्ये करार झाला, 1992 च्या सप्टेंबरमध्ये निवडणूक घेतली, पण दोन्हीकडची सैन्यं पूर्ण मोडायच्या आधीच घेतली आणि देखरेखीला संयुक्त राष्ट्रांची माणसं अगदी मोजकी. बंडखोरांचा नेता साविंबी पहिल्या फेरीत मागे पडला, निकाल मान्य नाही म्हणाला, आणि त्याच्याकडे सैन्य अजून शाबूत होतं. पुन्हा युद्ध. 1994 मध्ये परत करार, तेव्हा त्याने छावण्यांमध्ये कोवळी पोरं आणि जुनाट बंदुका पाठवल्या आणि खरी फौज बाजूला ठेवली. 1998 मध्ये परत युद्ध. शेवटी 2002 च्या फेब्रुवारीत साविंबी मारला गेला आणि एप्रिलमध्ये सह्या झाल्या. 1975 पासून 27 वर्षं.

आता नेपाळ. आपल्याकडे कितीतरी सोसायट्यांमध्ये, हॉटेलांमध्ये नेपाळहून आलेली माणसं काम करतात, त्यांच्या गावांनी हे दशक बघितलंय. 1996 मध्ये माओवाद्यांनी बंड सुरू केलं. काही वर्षांत खेडी बरीचशी त्यांच्याकडे, जिल्ह्याची ठिकाणं आणि काठमांडू सरकारकडे, आणि दोघांनाही पुढे सरकता येईना. 2005 मध्ये राजा ज्ञानेंद्रने सगळी सत्ता स्वतःकडे घेतली आणि त्यामुळे संसदेतले पक्ष आणि माओवादी एकत्र आले. 2006 च्या एप्रिलमध्ये जनआंदोलन झालं, राजा मागे हटला, नोव्हेंबरमध्ये शांतता करार.

पण खरी गोष्ट शस्त्रांची आहे. माओवाद्यांना शस्त्रं सरकारला द्यायची नव्हती आणि सरकारला ती त्यांच्या खांद्यावर नको होती. मग असं ठरवलं: लढवय्ये सात मोठ्या छावण्यांमध्ये राहतील, बंदुकांवर नंबर टाकून त्या लोखंडी कंटेनरमध्ये कुलूपबंद करायच्या, आणि कुलपाची चावी माओवाद्यांच्याच कमांडरकडे! संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक, तेही बिनहत्यारी, बाहेर कॅमेरा आणि सायरन लावून बसणार, कोणी कंटेनर उघडला की लगेच सगळ्यांना कळणार. आणि नेपाळी लष्करानेही साधारण तितकीच शस्त्रं तशीच बंद करायची. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते, कारण कोणावर विश्वास ठेवा असं ती कोणालाच सांगत नाही, फसवलं तर समोरच्याला वेळेत कळेल एवढीच सोय करते. बंडखोरांना शरण आल्यासारखंही वाटलं नाही.

नोंदणी झालेल्या बंदुका 3,475 आणि तपासणीत पात्र ठरलेले लढवय्ये 19,602, त्यामुळे बाकीच्या बंदुका कुठे गेल्या हा संशय राहिलाच. चार हजारांच्या वर पोरं अपात्र ठरली, त्यातली बहुतेक अल्पवयीन होती, त्यांना नंतर घरी पाठवलं आणि त्यांचा राग आजही आहे. 2008 ची निवडणूक माओवाद्यांनी जिंकली, त्यांचे नेते प्रचंड पंतप्रधान झाले, लष्करप्रमुखांना काढायला गेले आणि 2009 मध्ये स्वतःच राजीनामा देऊन बाहेर पडले. अंगोलासारखं होऊ शकलं असतं. झालं नाही, कारण छावण्या उभ्या होत्या, पगार येत होते, आणि निवडणूक लढवून सत्ता मिळते हे त्यांनी एकदा बघितलेलं होतं.

छावण्या संपायला 2012 उजाडलं. चौदाशेच्या आसपास लोक लष्करात गेले, बाकीच्या बहुतेकांनी पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन निवृत्ती घेतली. तहाच्या सह्या एका संध्याकाळी झाल्या, पण युद्ध संपायला त्यानंतर पाच-सहा वर्षं लागली, हे बातम्यांमध्ये कधी दिसत नाही.

एका काकांनी चिठ्ठी पाठवलीय की मग सगळी युद्धं तहानेच संपतात का. नाही. शीतयुद्धाच्या काळात बरीचशी एका बाजूच्या सरळ विजयाने संपायची, 1990 नंतर तहाचं प्रमाण वाढलं, आणि काही नुसती विझत जातात, कोणी जिंकत नाही, कोणी सही करत नाही, मारामारी कमी कमी होत जाते. श्रीलंकेत 2002 मध्ये शस्त्रसंधी झाली पण कोणाचीच शस्त्रं बाजूला ठेवली गेली नाहीत, आणि 2009 मध्ये सरकारने लष्करी विजयानेच ते युद्ध संपवलं, त्या शेवटच्या महिन्यांत अडकलेल्या तमिळ नागरिकांची जी दशा झाली ती कोणी विसरू नये.

आणि तहाचीही किंमत असते हो. जे दोघं लढले तेच नंतर सत्तेत आले, त्यामुळे एकमेकांच्या गुन्ह्यांची चौकशी करायची घाई दोघांनाही नव्हती. नेपाळमध्ये बेपत्ता लोकांचा आयोग 2015 मध्ये नेमला, म्हणजे करारानंतर आठ वर्षांहून जास्त काळाने, आणि हजारांहून जास्त माणसांच्या घरच्यांना ती कुठे गेली याचं उत्तर त्या आयोगाकडूनही मिळालेलं नाही.