एकाच बागायतदारासाठी चॅनेल

नमस्कार श्रोतेहो.

शेतीवर व्हिडिओ करणारे तरुण आता गावोगावी दिसतात. मोबाईल, छोटा माइक आणि स्टँड घेतला की यूट्यूबवर चॅनेल सुरू होतं. नाव ठरवतानाच बहुतेकांचा विचार असतो की सगळे शेतकरी आपले प्रेक्षक व्हावेत. मग सोमवारी कांद्याची रोपवाटिका, बुधवारी शेळीपालन, शुक्रवारी एखाद्या सरकारी योजनेचा अर्ज आणि रविवारी द्राक्षाची छाटणी. मेहनत खरी असते, माहितीही चुकीची नसते. तरी सहा महिन्यांनी प्रत्येक व्हिडिओ शंभर-सव्वाशे जणांच्या पुढे सरकत नाही. असं का होतं आणि नवीन चॅनेलने सुरुवातीला विषय किती आवळावा, हे आज मी द्राक्षाचं उदाहरण घेऊन सांगणार आहे.

आधी यूट्यूब व्हिडिओ कोणाला दाखवतं ते पाहू. बऱ्याच जणांना वाटतं की चॅनेलला कुठेतरी गुण मिळतात आणि त्या गुणांवर व्हिडिओ वर चढतो. यूट्यूबचं स्वतःचं म्हणणं वेगळं आहे. समोर मोबाईल घेऊन बसलेल्या माणसाला आत्ता काय पाहावंसं वाटेल, याचा अंदाज ते बांधतं. त्या माणसाने आधी काय पाहिलं, किती वेळ पाहिलं, काय टाळलं आणि त्याच्यासारख्या इतरांनी काय पाहिलं, यावर हा अंदाज उभा असतो. जुन्या चॅनेलबाबत असा इतिहास भरपूर असतो. नव्या चॅनेलबाबत तो नसतोच. म्हणून तुमचा नवा व्हिडिओ बहुधा ज्यांनी तुमचं आधीचं काही पाहिलंय अशा मोजक्या लोकांच्या पडद्यावर आधी जातो. त्यांनी दाबला, शेवटपर्यंत पाहिला, तर त्यांच्यासारखी आवड असलेल्या अनोळखी लोकांपर्यंत जातो. त्यांनी टाळला, तर बहुतेकदा तिथेच थांबतो.

आता दोन चॅनेल समजा. दोन्हींना प्रत्येकी दोनशे सबस्क्रायबर आहेत. पहिल्याचे पन्नास द्राक्षवाले, पन्नास कांदावाले, पन्नास शेळीपालक आणि पन्नास योजना शोधत आलेले. दुसऱ्याचे दोनशेच्या दोनशे द्राक्ष बागायतदार. दोघांनी एकाच दिवशी द्राक्षातल्या फेलफूट, म्हणजे घड नसलेल्या फुटी, काढण्याचा व्हिडिओ टाकला आणि तो प्रत्येकाच्या शंभर सबस्क्रायबरना दिसला. द्राक्षवाल्यांपैकी पाचातला एक जण तो उघडतो असं धरू. पहिल्या चॅनेलला शंभरात पंचवीसच द्राक्षवाले, म्हणजे पाच जणांनी उघडला. शेळीपालकांपैकी एखाद्याने चुकून उघडला आणि अर्ध्या मिनिटात बंद केला. दुसऱ्या चॅनेलवर मात्र वीस जणांनी उघडला आणि बहुतेकांनी पूर्ण पाहिला, कारण उद्या सकाळी त्यांना तेच काम करायचं आहे. व्हिडिओ तोच, सबस्क्रायबरचा आकडाही तोच. पहिल्या ठिकाणी मात्र पंचाहत्तर जणांनी तो ओलांडून पुढे जाणं हे आधीच ठरलेलं होतं.

म्हणून मी नव्या मुलांना सांगतो की पीक ठरवण्याआधी माणूस ठरवा. द्राक्ष हा विषय झाला. ‘दीड-दोन एकर बाग असलेला, स्वतः फवारणी करणारा, ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, घेणारा बागायतदार’ हा माणूस झाला. त्याला आज काय विचारायचं आहे, पाच दिवसांनी काय विचारायचं असेल, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. द्राक्षात ते फार नेमकं सांगता येतं, म्हणून हे उदाहरण मला आवडतं.

द्राक्ष बागायतदार तारीख सांगत नाही, दिवस सांगतो. ‘बाग बावीस दिवसांची आहे’ असं तो म्हणतो, म्हणजे छाटणी होऊन बावीस दिवस झाले. छाटणीनंतर लगेच काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावायची. आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात आणि कोंब बाहेर डोकावण्याची पोंगा अवस्था येते. पुढच्या आठवड्यात फुटीवर घड दिसू लागतात, तेव्हा घड नसलेली फेलफूट काढायची. ढगाळ हवा राहिली तर घड जिरण्याची भीती असते, पाऊस झाला तर डाऊनी या बुरशीजन्य रोगाची. मग दोडा, फुलोरा, मणी सेटिंग, विरळणी, मण्यात पाणी उतरणं. काढणीपर्यंत दर चार-पाच दिवसांनी त्या माणसापुढे नवा प्रश्न उभा असतो आणि आधीच्या व्हिडिओचा प्रेक्षकच पुढच्या व्हिडिओचा प्रेक्षक असतो. चॅनेलची आकडेवारी दाखवणाऱ्या यूट्यूब स्टुडिओत असे परत येणारे प्रेक्षक वेगळे मोजलेले दिसतात. नव्या चॅनेलसाठी माझ्या मते हा आकडा सबस्क्रायबरच्या आकड्यापेक्षा जास्त खरा आहे.

याचा आणखी एक फायदा सहसा लक्षात येत नाही. बागलाणात, सटाण्याकडे, अर्ली बागा असतात. तिथे जुलै-ऑगस्टमध्येच छाटणी होते. निफाड-दिंडोरीकडे मुख्य छाटणी ऑक्टोबरच्या आसपास येते. तासगावचं आणि सोलापूरचं वेळापत्रक आपापलं. तुम्ही व्हिडिओला ‘आजची द्राक्ष फवारणी’ असं नाव दिलंत, तर तो दोन दिवसांत शिळा होतो. ‘गोडी छाटणीनंतर दिवस पंधरा ते अठरा, फेलफूट कशी काढावी’ असं नाव दिलंत, तर तोच व्हिडिओ ऑगस्टमध्ये बागलाणवाल्याला आणि ऑक्टोबरात निफाडवाल्याला कामाला येतो. पुढच्या वर्षीही त्याच दिवसाला कोणीतरी तो शोधत असतो. मोठ्या चॅनेलने ‘द्राक्ष शेती संपूर्ण माहिती’ असा एक तासाचा व्हिडिओ केलेला असला, तरी पंधराव्या दिवशी बागेत उभ्या असलेल्या माणसाला तो पुरत नाही. त्याला सहा-सात मिनिटांत काडीवरची कोणती फूट ठेवायची आणि कोणती काढायची, ते जवळून दाखवलेलं हवं असतं. म्हणून कॅमेरा तुमच्या चेहऱ्यावर कमी आणि काडीवर जास्त ठेवा.

सुरुवात कशी करायची? मोबाईलवर यूट्यूबच्या शोधाच्या चौकटीत ‘द्राक्ष गोडी छाटणी नंतर’ एवढंच लिहून थांबा. खाली जी वाक्यं आपोआप सुचवली जातात, ती लोकांनी खरोखर शोधलेली असतात. मग ‘घड जिरणे’, ‘फेलफूट’, ‘डाऊनी’ असे शब्द घालून बघा. सापडलेले प्रश्न छाटणीच्या दिवसांप्रमाणे वहीत मांडा. पहिल्या दिवसापासून काढणीपर्यंत वीस-पंचवीस वेगवेगळे प्रश्न निघाले, तर तुमचा कोपरा एका हंगामाला पुरेसा आहे. पाच-सहाच निघाले, तर तो फार अरुंद झाला. फक्त एकाच जातीवर, समजा नुसत्या माणिक चमनवर चॅनेल करायचं म्हटलं तर हीच अडचण येते. पोंगा आणि फेलफूट हे प्रश्न माणिक चमनवाल्याला असतात तसेच थॉमसनवाल्यालाही असतात. जात आवळून माणूस नेमका होत नाही, फक्त संख्या कमी होते. कामाची अवस्था आवळली की माणूस नेमका होतो.

पहिले आठ-दहा व्हिडिओ टाकून झाल्यावर स्टुडिओत दोन गोष्टी बघा. पहिली, व्हिडिओ जितक्या वेळा दिसला त्यातल्या किती वेळा उघडला गेला. यूट्यूब म्हणतं की निम्म्या चॅनेलचं हे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतं. छोट्या, नेमक्या चॅनेलचं सुरुवातीला याहून जास्त येऊ शकतं, आणि व्हिडिओ अनोळखी लोकांपर्यंत पोचू लागला की ते खाली येतं. तो उतार पाहून घाबरून विषय बदलू नका. दुसरी गोष्ट म्हणजे ऑडियन्सच्या पानावर तुमचे प्रेक्षक आणखी कोणती चॅनेल बघतात ते. पुरेसे प्रेक्षक झाले की ही यादी दिसू लागते. तिथे द्राक्षाची, फवारणी यंत्रांची, ठिबकची चॅनेल दिसली तर माणूस बरोबर सापडला. विनोदाची आणि मालिकांची चॅनेल दिसली तर गर्दी चुकीची जमली आहे.

चुकीची गर्दी जमते ती बहुधा दोन वाटांनी. एक म्हणजे नातेवाईक आणि वर्गमित्र. प्रेमाने सबस्क्राइब करतात, पण पुण्यात बसलेल्या मावसभावाला पोंगा अवस्थेचं काय? त्याला व्हिडिओ दिसतो आणि तो उघडत नाही. त्याला लिंक पाठवण्याऐवजी आपल्या द्राक्षवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटात ती त्या-त्या दिवसाला टाका. दुसरी वाट मोहाची आहे. बैलपोळ्याचा किंवा ट्रॅक्टर चिखलात फसल्याचा एखादा शॉर्ट लाखभर लोक बघतात, हजार सबस्क्रायबर वाढतात, आणि पुढचा विरळणीचा व्हिडिओ मात्र पूर्वीइतकेच लोक बघतात. कमाईसाठीच्या अटीतले १००० सबस्क्रायबर अशाने कदाचित भरतील. पण मोठ्या व्हिडिओंच्या वाटेने जायचं तर वर्षभरातले ४००० तास पाहणंही त्याच अटीत आहे, आणि ते मोठे व्हिडिओ बघत राहणाऱ्यांकडूनच येतं.

नेमकेपणाची एक किंमतही आहे, ती सांगायलाच हवी. तुमचा प्रेक्षक तुमच्याइतकाच जाणकार असतो. सर्वसाधारण शेतीच्या चॅनेलवर औषधाची चुकलेली मात्रा कोणाच्या लक्षात येत नाही. इथे दहा मिनिटांत लक्षात येते, आणि एखाद्याची बाग त्याआधीच जळू शकते. म्हणून औषधाचं नाव घ्यायचं तर द्राक्षासाठी त्याला लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकावर वापरायची अधिकृत नोंद, आहे का ते बघा, मात्रा लेबलवरचीच वाचून दाखवा. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे; त्यांच्या शिफारशी समोर ठेवून बोला. निर्यातीच्या बागेत औषधाचा अंश शिल्लक राहण्याचा प्रश्न असतो, तिथे अंदाजाने बोलूच नका.

हंगाम संपल्यावर काय, हा प्रश्न हमखास येतो. द्राक्षात एप्रिलमध्ये खरड छाटणी येते आणि काडी तयार करण्याचे दिवस पुन्हा एकपासून मोजले जातात. म्हणजे तोच माणूस वर्षभर तुमच्याकडे राहतो. पुढे विषय वाढवावासा वाटला तर याच माणसाच्या दुसऱ्या कामाकडे जा: पाण्याची आणि देठाची तपासणी, ठिबकची सफाई, व्यापाऱ्याशी सौदा करताना काय लिहून घ्यायचं ते. कांदा मात्र जपून. निफाडच्या बागायतदाराकडे कांदाही असतो, म्हणून तिथल्या मुलाला वाटतं की आपल्या प्रेक्षकाला कांदाही चालेल. तासगावच्या प्रेक्षकाला तो नको असतो, त्याला बेदाणा हवा असतो. दोन्ही टाकायचे असतील तर कांद्याचं चॅनेल वेगळं काढा, आणि तिथेही शोधाच्या चौकटीत प्रश्न शोधण्यापासूनच सुरुवात करा.