चूक नेमकी कुठे झाली?

[दृश्य : वहीचं पान. लिहिता लिहिता पेन्सिल थांबते.]

5 − (x − 3) = 5 − x − 3.

बीजगणित शिकवणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ वह्यांमध्ये पाहिलेली असते. गणिताच्या एका बाईंनी या चुकीवर बारा मिनिटांचा व्हिडिओ केला आणि नाव दिलं, ‘बीजगणित भाग 7 : कंस सोडवणे’. थंबनेलवर त्यांचा फोटो आणि धड्याचं नाव.

नावात खोटं काही नव्हतं. पण गणित अडलेलं मूल ‘भाग 7’ शोधत नाही. आपलं उत्तर चुकलं, एवढंच त्याला कळलेलं असतं.

[दृश्य : उतरत जाणारा आलेख.]

मग बाईंनी नाव बदललं : ‘ही युक्ती शिका, बीजगणितात कधीच चुकणार नाही!’ क्लिक वाढले. पण प्रेक्षक कुठवर थांबले हे दाखवणारा आलेख पहिल्या तीस सेकंदांतच कोसळला. मुलं युक्तीसाठी आली होती आणि फळ्यावर नियम शांतपणे उलगडत होता. शिकवण्यात खोट नव्हती, नावाने भलतंच कबूल केलं होतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण असं फसलेलं मूल गणितावरच रुसतं.

[दृश्य : कोऱ्या चौकटीत एकच ओळ उमटते.]

तिसऱ्या खेपेला बाईंनी फोटो काढून टाकला. थंबनेलवर फक्त ती चुकलेली ओळ ठेवली आणि शेवटच्या 3 च्या आधीच्या वजाभोवती लाल वर्तुळ काढलं. शीर्षक : ‘कंसाआधी वजा असेल तर आतली चिन्हं का बदलतात?’ चूक कुठे आहे ते चित्र दाखवतं, ती का होते ते शीर्षक विचारतं. फोनवर लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते, म्हणून ‘कंसाआधी वजा’ सुरुवातीलाच.

व्हिडिओचं पहिलं दृश्यही बदलावं लागलं. आता नमस्काराआधी तीच ओळ येते. बाई x च्या जागी 3 घालतात. डावीकडे 5 येतात, उजवीकडे −1. चूक डोळ्यांसमोर उभी राहते, आणि मग 8 − x पर्यंतचा प्रवास सुरू होतो.

[दृश्य : बाईंच्या हातात फोन.]

चित्र 1280 × 720 पिक्सेलचं असलं तरी फोनवर ते अंगठ्याएवढंच दिसतं. बाईंनी ते तेवढं करून पाहिलं, तेव्हा शेवटचा 3 उजव्या कोपऱ्यात, व्हिडिओच्या वेळेच्या काळ्या पट्टीखाली गेला होता. ओळ वर सरकवली.

क्लिकचं प्रमाण त्या रोज पाहत नाहीत. व्हिडिओ अनोळखी प्रेक्षकांपर्यंत पोचू लागला की ते एरवीही उतरतं. त्या आधी तिसावा सेकंद पाहतात : वर्तुळ पाहून आलेलं मूल अजून थांबलंय का?